घरातला गणपती चौकात कसा आला

आमच्या कोडोलीत भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळी कुंभारवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर उभे राहा. पाट घेतलेली माणसे एकामागून एक जाताना दिसतात. पाटावर तांदूळ, तांदळावर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि पुढे घंटा वाजवणारे एखादे पोर. घरी आल्यावर दारातच गणपती घेणाऱ्याच्या पायांवर पाणी ओतले जाते आणि मग मूर्ती आत जाते. पाचव्या-सहाव्या दिवशी गौरीबरोबर ती विहिरीत किंवा वारणेच्या पाण्यात पोचवली, की घर पुन्हा रिकामे वाटू लागते. हा झाला घरातला गणपती. त्याच गावात, त्याच दिवशी, चौकातल्या मांडवात दुसरा गणपती बसतो. त्याला वर्गणी लागते, अध्यक्ष लागतो, पोलिसांचा परवाना लागतो, आणि तो गौरीबरोबर न जाता अनंत चतुर्दशीपर्यंत थांबतो.

देव एकच, तिथी एकच. मग हे दोन उत्सव इतके वेगळे का? पहिला कितीतरी शतकांचा आहे. दुसऱ्याचे वय सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक, एवढेच. तो कोणत्या साली आणि कोणत्या कारणाने जन्मला, आणि त्याने आपला आकार कोठून घेतला, हे सांगता येते. आजच्या भाषणात तेवढेच सांगायचे आहे.

प्रथम घरच्या व्रताचे स्वरूप नीट ध्यानात घेऊ. ही पार्थिव पूजा, म्हणजे मातीच्या मूर्तीत देवाला काही दिवसांपुरते बोलवायचे आणि मग ती माती पाण्याला परत द्यायची. किती दिवस ठेवायचा ते त्या त्या घराच्या कुळाचारावर. कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे सात. म्हणून विसर्जनाचा असा एक दिवस नव्हता. ज्याचा त्याचा गणपती ज्याच्या त्याच्या सोयीने जात असे. पूजेचा यजमान घरातला कर्ता पुरुष, खर्च घरचा, आरतीला घरचे आणि शेजारचे चार लोक. पेशव्यांच्या वेळी शनिवारवाड्यात गणपतीचा मोठा थाट होई आणि पटवर्धनांसारख्या सरदारांच्या वाड्यांतही होई. पण तो थाट मोठ्या घराचा होता, सर्व लोकांचा नव्हता. यजमान एकच असे, तो म्हणजे वाड्याचा धनी. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो थाटही ओसरला.

मग १८९० च्या सुमारास पुण्यामुंबईत सर्वांनी मिळून, रस्त्यावर, दहा दिवस साजरा करायचा असा उत्सव नव्हताच काय? होता. पण तो गणपतीचा नव्हता, मोहरमचा होता. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल, पण आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला तसे वाटू नये. ताबूत बसायचे, पंजे बसायचे, त्यांना नवस बोलले जायचे, आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदू पुष्कळ असायचे. ताबुतापुढे वाजवणारे हिंदू, नाचणारे हिंदू, कित्येक ताबूतही हिंदूंनी बसवलेले. पोरांच्या टोळ्या एकसारखा पोशाख करून पदे म्हणत ताबुतापुढे चालत. दहाव्या दिवशी सगळ्या ताबुतांची मिरवणूक निघून ते पाण्यात थंडे केले जात. पेठेचा मान, आळीची वर्गणी, आखाड्यातल्या पोरांचा जोर आणि रात्रभर चालणारी मिरवणूक, हे सगळे तेथे तयार होते. त्या काळी पुण्याच्या रस्त्यावर सामान्य माणसाचा खरा मोठा उत्सव तो हाच.

मराठी दरबारांतही असेच होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरकारी ताजिया निघत असे, आणि त्याच ग्वाल्हेरीस गणेशोत्सवही दरबारी थाटाने होई. १८९२ साली पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरीस गेले असता त्यांनी तो गणेशोत्सव पाहिला. परत आल्यावर त्यांनी तो आपल्या मित्रांना वर्णन करून सांगितला. त्या मित्रांत शालूकर बोळात राहणारे भाऊ लक्ष्मण जावळे होते. धंद्याने ते वैद्य, आणि शालू रंगवण्याच्या घरच्या व्यवसायामुळे लोक त्यांना भाऊसाहेब रंगारी म्हणत. खासगीवाले, घोटवडेकर आणि रंगारी यांनी आपापले गणपती घराबाहेर, सर्वांसाठी बसवले. हे नक्की १८९२ साली झाले की १८९३ साली, यावर पुण्यात अजून वाद होतो. २०१७ साली शताब्दीवर पंचविसावे वर्ष साजरे करताना तो वाद चांगलाच पेटला होता. आपल्या विषयाला त्या एका वर्षाने फरक पडत नाही. मुंबईत गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीतला सार्वजनिक गणपतीही १८९३ चाच आहे.

पण तीन गणपती रस्त्यावर आले म्हणून साऱ्या महाराष्ट्रात उत्सव पसरला असे होत नाही. पसरायला निमित्त लागते. ते निमित्त १८९३ च्या उन्हाळ्यानंतर मिळाले. जुलैमध्ये मोहरमच्या दिवसांत काठेवाडात प्रभासपट्टण येथे दंगा झाला. ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारी, मुंबईत मोठा दंगा उसळला आणि तो कित्येक दिवस चालला. सरकार आपल्या बाजूने नाही, अशी समजूत हिंदू पुढाऱ्यांची झाली. पुण्यात सभा झाल्या, पत्रांतून कडक लेख आले. त्यानंतर सप्टेंबरात गणेशोत्सव आला, आणि २६ सप्टेंबर १८९३ च्या 'केसरी'त टिळकांनी सार्वजनिक गणपतीच्या नव्या उपक्रमाचे स्वागत केले.

पुढच्या वर्षी, १८९४ च्या जुलैत, मोहरम आला तेव्हा पुण्यातल्या हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवावी असा प्रचार झाला, आणि तो बव्हंशी पाळला गेला. आता बघा, वर्षानुवर्षे ताबुतापुढे नाचणारा पोरगा, वाजवणारा वाजंत्री आणि वर्गणी देणारा दुकानदार एका वर्षात मोकळे झाले. त्यांना दुसरी जागा हवी होती. दोन महिन्यांनी आलेल्या गणेशोत्सवाने ती दिली. टिळकांनी स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसवला, आणि पेठापेठांतून, आळीआळींतून, तालमींतून गणपती बसले.

हा बदल नुसत्या संख्येचा नव्हता. घरच्या व्रताची घडीच त्यात बदलली. कशी, ते पाहू.

पहिली गोष्ट यजमानाची. घरच्या पूजेला कर्ता पुरुष असतो, पण चौकातल्या गणपतीचा कर्ता कोण? उत्तर निघाले वर्गणी. ज्यांनी पैसा दिला ते सगळे मिळून यजमान. म्हणजे हिशेब आला, चिटणीस आला, आणि पूजा करणारा माणूस नेमावा लागला. कुळाचाराच्या जागी मंडळ आले.

दुसरी गोष्ट दिवसांची. दीड, पाच, सात हा घरोघरचा फरक सार्वजनिक उत्सवाला परवडत नव्हता. सगळ्यांनी एका दिवशी जमायचे तर शेवटचा दिवस एकच पाहिजे. तो अनंत चतुर्दशीचा ठरला. चतुर्थीपासून मोजले तर दहा-अकरा दिवस होतात. मोहरमही चंद्र दिसल्यापासून दहा दिवसांचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांची एकत्र मिरवणूक आणि पाण्यात विसर्जन, हा क्रम लोकांच्या अंगवळणी आधीच पडलेला होता. नव्या उत्सवाला तो शिकवावा लागला नाही.

तिसरी गोष्ट मेळ्यांची. घरच्या गणपतीपुढे आरती असते, फार तर भजन. चौकातल्या गणपतीपुढे मेळे आले. वीस-पंचवीस मुलांनी एकसारखा पोशाख करायचा, कोणी मावळ्यांचा वेश घ्यायचा, हातात छोट्या काठ्या किंवा लेझीम, आणि ठेक्यावर पदे म्हणायची. पदे काही गणपतीची, काही शिवाजी महाराजांची, काही परदेशी मालावर, काही दारूबंदीवर. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला ते पद एकदा ऐकले की पाठ होई. हे मेळे सरळसरळ ताबुतापुढच्या टोळ्यांवरून आले. त्या वेळच्या लोकांनाही हे दिसत होते. फक्त आता त्या पोरांचे तोंड दुसऱ्या दिशेला वळले होते.

चौथी गोष्ट मानाची. शंभर घरांचे गणपती आपापल्या वेळी गेले तर भांडण होत नाही. पण सगळे एका रस्त्याने निघाले की पहिला कोण, हा प्रश्न उभा राहतो. पुण्यात तो सुरुवातीलाच उभा राहिला. टिळकांनी निवाडा केला की कसब्याचा गणपती हे ग्रामदैवत, तो पहिला, आणि तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवी, तिचा दुसरा, असे तेथली परंपरा सांगते. तिसरा मान गुरुजी तालमीला आहे, आणि ही तालीम लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा गणपती भिकू शिंदे आणि उस्ताद नालबन, म्हणजे एका हिंदू आणि एका मुसलमान घराने मिळून १८८७ साली बसवला, असे त्या मंडळाची परंपरा सांगते. म्हणजे रस्त्यावरचा गणपती जन्मला तेव्हा तो भांडणातूनच जन्मला पाहिजे, असे काही नव्हते. तालमीतली दोस्तीही त्याला पुरली असती.

१८९४ साली मात्र घडले ते वेगळे. उत्सवाच्या शेवटी शेवटी तात्यासाहेब नातूंचा मेळा दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजतगाजत गेला, आणि तेथे मारामारी झाली. घरातली आरती कोणाच्या दारावरून जात नाही. रस्त्यावर निघालेली मिरवणूक कोणाच्या ना कोणाच्या दारावरून जाणारच. तेव्हापासून मिरवणुकीचा रस्ता, वाद्ये कोठे थांबवायची, किती वाजेपर्यंत वाजवायची, यांचे परवाने सुरू झाले. आज मंडळाचा चिटणीस पोलीस ठाण्यात ज्या अर्जासाठी खेटे घालतो, त्याचे मूळ त्या वर्षात आहे.

येथे एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे, कारण शाळांतून तो फार सांगितला जातो. इंग्रजांनी १८९२ साली सभाबंदीचा कायदा केला होता, वीस माणसे जमवायलाही मनाई होती, म्हणून टिळकांनी युक्ती करून गणपती रस्त्यावर आणला, अशी गोष्ट आपण ऐकतो. शिक्षक मित्रांनी ही गोष्ट तपासून पाहावी. त्या काळी पुण्याची सार्वजनिक सभा काम करीत होती, १८८५ पासून काँग्रेसची अधिवेशने दरसाल भरत होती, आणि १८९५ च्या डिसेंबरात तर काँग्रेस खुद्द पुण्यातच भरली. राजद्रोही सभांना बंदी करणारा कायदा आला तो १९०७ साली, उत्सव सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी.

तेव्हा अडचण सभा भरवण्याची नव्हती, सभेला येणाऱ्यांची होती. काँग्रेस वर्षातून तीन दिवस भरे, भाषणे इंग्रजीत होत, आणि ऐकणारे वकील, डॉक्टर, प्रोफेसर. कुणबी, माळी, सुतार, तांबट तिकडे फिरकत नव्हता. टिळकांनी १८९६ साली 'केसरी'त हाच मुद्दा मांडला. प्राचीन ग्रीक लोकांच्या ऑलिंपिया येथील उत्सवांचा दाखला देऊन त्यांनी म्हटले, की जे काम काँग्रेसकडून होत नाही ते राष्ट्रीय उत्सवांतून होईल, सुशिक्षितांनी लोकांच्या उत्सवात मिसळावे. १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा उत्सव झाला तो याच विचाराने. सरकारची भूमिकाही येथे कामी आली. १८५७ नंतर धर्माच्या बाबतीत हात घालायचा नाही, हे इंग्रजांचे धोरण. म्हणून व्याख्यानापेक्षा आरतीवर हात टाकणे त्यांना जड जाई. पण जड जाई याचा अर्थ अशक्य होते असा नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९१० साली मेळ्यांवर इतके कडक निर्बंध आले की पुण्यातल्या उत्सवाचा राजकीय आवाज काही वर्षे बसला.

आता 'सार्वजनिक' या शब्दाकडे वळू. घरचा गणपती घरचाच असतो, तेथे कोणाला बोलवायचे ते घर ठरवते. पण एकदा पाटी लावली 'सार्वजनिक', वर्गणी घेतली प्रत्येकाकडून, की मग प्रत्येकजण विचारणार, यात माझा हक्क किती? हा प्रश्न १९२० नंतर जोराने आला. १९२२ साली पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या मंडळींनी छत्रपती मेळा काढला. मेळ्याचे तंत्र तेच, पोशाख आणि ठेका तोच, पण पदे ब्राह्मणेतरांची बाजू सांगणारी. म्हणजे ज्या रीतीने टिळकांनी सरकारला ऐकवले, त्याच रीतीने आता टिळकांच्या पक्षाला ऐकवले जाऊ लागले. सन्मित्र मेळा एकीकडे आणि छत्रपती मेळा दुसरीकडे, अशी पदांची लढाई पुण्याच्या रस्त्यांवर पुढे काही वर्षे चालली.

आणि १९२६ साली मुंबईत दादरला याहून मूळचा प्रश्न निघाला. सार्वजनिक गणपतीची वर्गणी अस्पृश्य मानलेल्या बांधवांकडूनही घेतली जात होती. मग त्यांनी मूर्तीची पूजा का करू नये? प्रबोधनकार ठाकरे, रावबहादुर बोले आदी मंडळींनी हा प्रश्न मांडवातच उभा केला. मोठी गर्दी झाली, दिवसभर वाद झाला. शेवटी तडजोड अशी निघाली, की अस्पृश्य बांधवाच्या हातची फुले पुजाऱ्याने घेऊन गणपतीला वाहावीत. फुले पोचली, पण माणूस मूर्तीपासून हातभर दूरच राहिला. हे समाधान पुरे पडले नाही, आणि त्याच वर्षी दादरला त्या मंडळींनी सर्वांसाठी खुला असा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. आज गावोगावी जी देवी बसते त्यामागे ही हकीकत आहे. घरातले घट चौकात आले ते अशा रीतीने, पहिला सार्वजनिक उत्सव पुरेसा सार्वजनिक नव्हता म्हणून.

शेवटी आपल्या मुलखाकडे येऊ. १८९४ हेच वर्ष, ज्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानचा कारभार हाती घेतला. येथेही तालमी होत्या, पेठा होत्या, मोहरम होता. येथेही सार्वजनिक गणपती आला. पण पुण्यात जसे एकाच्या जागी दुसरे आले, तसे येथे सर्वत्र झाले नाही. कोल्हापुरात कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि पंजाही बसतो, वर्गणी मागायला येणारी पोरे दोन्ही वेळी तीच. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, तो कोणीही जाऊन पाहावा. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतात.

याची परीक्षा पाहणारी वर्षे ठराविक काळाने येतात. मुसलमानी वर्ष चांद्र असून त्यात अधिक महिना नाही. म्हणून मोहरम दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतो, आणि साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी तो पुन्हा भाद्रपदात येऊन पडतो. मोहरम चंद्रदर्शनापासून दहा दिवस आणि गणपती चतुर्थीपासून चतुर्दशीपर्यंत. महिना एक झाला की दोन्ही उत्सव एकाच पंधरवड्यात, एकाच रस्त्यावर येतात. १९८५ आणि १९८६ साली असे झाले, तेव्हा मी पाळण्यात होतो. २०१८ आणि २०१९ साली पुन्हा झाले, ते मी पाहिले. कोल्हापूरच्या तालमींत एका बाजूला मूर्ती आणि दुसऱ्या बाजूला पंजा, आणि मध्ये एकच समई, असे दृश्य त्या वर्षी दिसले. पुण्यात १८९४ साली दोन उत्सवांमध्ये दोन महिन्यांचे अंतर होते, तरी तंटा झाला. येथे एका पडवीचेही अंतर नव्हते, आणि तंटा झाला नाही.

याचे कारण आम्ही फार भले, असे मानण्यात अर्थ नाही. कारण साधे आहे. तालीम एक, वस्ताद एक, वर्गणीची वही एक. ज्या मांडवाचा हिशेब एकाच वहीत लिहिला जातो, त्या मांडवात दोन पक्ष पडायला वेळ लागतो. जेथे वह्या वेगळ्या झाल्या, तेथे मिरवणुकीचे रस्तेही वेगळे झाले, आणि मग ते रस्ते कोठे ना कोठे एकमेकांना आडवे गेले.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या भाद्रपदात गावातल्या मंडळाच्या पोरांनी वर्गणीची पावती पुढे केली, की जुनी वही असेल तर ती जरा मागून पाहा. पहिली पाने कोणाच्या अक्षरात आहेत, वर्गणी देणाऱ्यांत कोणाकोणाची नावे आहेत, कोणत्या आळीची नावे नाहीत, आणि पूजेला कोण बसले, हे वाचून पाहा. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांकडून आपल्या गावापुरते हे काम करून घ्यावे. म्हातारी माणसे आहेत तोवरच विचारता येईल. आपल्या गावचा गणपती घरातून चौकात कधी आला, आणि आला तेव्हा त्याने कोणाला बरोबर आणले, हे त्या वहीतल्यासारखे खरे दुसरीकडे कोठे सापडणार नाही.